अर्ध्या तिकिटाचा खरा परिणाम किती? फरकातला फरक काढून बघू

९ मार्च २०२३ ला राज्याच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि १७ मार्चपासून एसटीत बायकांना निम्म्या दरात तिकीट मिळायलाही लागलं. गडहिंग्लज असो की गडचिरोली, सगळीकडे एकाच दिवशी. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही स्टँडवर विचारलं तरी उत्तर ठरलेलं: "गाड्या बायकांनी भरून चालल्यात की!" ते खरंही आहे. पण एवढ्यावरून योजनेचा परिणाम कळत नाही. कालपर्यंत वडापनं जाणारी बाई आज एसटीत बसली, तर एसटी भरते, तिचं जाणं मात्र तेवढंच राहतं. एरवी घरीच राहिली असती अशी बाई सवलतीमुळं बाहेर पडली का, हा मोजण्यासारखा प्रश्न आहे.

अशा प्रश्नाची सगळ्यात चोख रीत म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. तालुक्यातल्या निम्म्या गावांना चिठ्ठीनं सवलत द्यायची, निम्म्यांना नाही, आणि वर्षानं दोन्हीकडं मोजायचं. गावं चिठ्ठीनं निवडली असल्यामुळं दोन गटांत आधीपासूनचा मोठा फरक बहुधा राहत नाही आणि नंतर दिसणारा फरक योजनेच्या खात्यावर टाकता येतो. पण "मावशी, तुमचं गाव चिठ्ठीत न्हाई, फुल तिकीट काढा" असं कंडक्टरनं म्हणावं, असा आदेश कुठलं सरकार काढेल? सवलत सगळ्या राज्याला एकदम मिळाली. ज्यांना मिळाली नाही अशा बायकाच राज्यात उरल्या नाहीत.

अशा वेळी अर्थशास्त्रात वापरतात ती रीत म्हणजे डिफरन्स-इन-डिफरन्सेस, फरकातला फरक. गडहिंग्लज तालुका धरून ती शेवटपर्यंत चालवून बघू. सवलतींच्या तारखा आणि अटी खऱ्या आहेत. गावांचे आणि रुग्णांचे आकडे मात्र मी समजावण्यासाठी मनानं घेतलेले आहेत, ते कुठं खरे म्हणून सांगू नका.

मोजायचं काय?

पहिली अडचण इथंच येते. घोषणा ते अंमलबजावणी यात जेमतेम आठवडा गेला, त्यामुळं "आधी" म्हणून कुणी पाहणी करून ठेवलेली नाही. एसटीच्या तिकीट मशीनमधून काढावं, तर साध्या फुल तिकिटावर प्रवासी बाई की पुरुष याची नोंद नसते. महिलांच्या सवलतीचं तिकीट आलं तेव्हापासून बायका मोजल्या जाऊ लागल्या. म्हणजे योजनेनं परिणाम केला तो केला, मोजण्याची फूटपट्टीही त्याच दिवशी बदलली. सवलतीची किती तिकिटं खपली हा आकडा कितीही मोठा असला तरी त्याला "आधी" नाही, त्यामुळं आपल्या हिशेबात तो बाद.

म्हणून अशी नोंद शोधायची, जी योजनेशी संबंध नसताना, आपल्या कारणासाठी, कित्येक वर्षं चालू आहे. सरकारी दवाखान्याचा केसपेपर ही तशी नोंद आहे. त्यावर वय, बाई की पुरुष आणि गाव लिहिलेलं असतं. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत कुठल्या गावातून किती बायका आल्या, हे महिन्यागणिक काढता येईल. नावं लागत नाहीत, गाववार आकडे पुरतात, आणि नावं मागूही नयेत.

वयाची एक चाळणी लावावी लागेल. ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना एसटीत आधीपासून सवलत आहे, बाई असो की पुरुष. शाळकरी मुलींना मोफत पास आहे. या दोघींच्या खिशावर मार्च २०२३ नं फारसा फरक पडला नाही. तेव्हा १८ ते ६४ वयाच्या बायकाच घेऊ. हवेतला, पिकाच्या कामाचा आणि साथीचा फरक नको म्हणून दर वर्षीचे तेच दोन महिने, जानेवारी आणि फेब्रुवारी, घेऊ. तेव्हा ऊसतोड जोरात असते, पण ती दोन्ही वर्षी असते.

ताडून कुणाशी बघायचं?

सवलत सगळ्यांना मिळाली हे कागदावर खरं. पण ज्या गावात एसटी येतच नाही, तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? डोंगरकडेच्या वाड्या-वस्त्यांत आजही वडाप, दुचाकी नाहीतर पाय हीच साधनं आहेत. तेव्हा सवलत एकाच दिवशी लागू झाली तरी तिची झळ, इथं खरं तर ऊब, सगळीकडं सारखी पोचली नाही. एसटी येणारी गावं हा एक गट, न येणारी हा दुसरा.

गट पाडायचे ते जानेवारी २०२३ च्या वेळापत्रकावरून, आजच्या नव्हे. सवलतीनंतर गर्दी वाढली म्हणून एखाद्या गावाला नवी फेरी मिळाली असेल, तर ती फेरीच योजनेचं फळ आहे. आजचं वेळापत्रक हाती घेऊन गट पाडले, तर जिथं बायकांचा प्रवास वाढला तीच गावं आपोआप "एसटीच्या" रकान्यात जाऊन बसतील आणि उत्तर फुगेल.

आणि दोन्ही गट एकाच तालुक्यातले हवेत. शिरोळची सपाटीवरची गावं आणि गगनबावड्याच्या वाड्या समोरासमोर ठेवल्या, तर एकीकडं २०२१ चा महापूर आणि इचलकरंजीचा यंत्रमाग, दुसरीकडं घाटातला पाऊस. एवढ्या वेगळ्या जगातली एक वर्षाची हालचाल सारखी असेल असं मानायला कारणच नाही.

समजा गडहिंग्लज तालुक्यात आपण एसटीची १२ आणि बिनएसटीची १२ गावं घेतली. दर हजार बायकांमागं महिन्याला ओपीडीत किती जणी आल्या, ते असं (पुन्हा सांगतो, आकडे मनचे):

| जानेवारी–फेब्रुवारी | एसटीची गावं | बिनएसटीची गावं | दोन्हींतलं अंतर |
|---|---|---|---|
| २०२३ (सवलतीआधी) | ६० | ४० | २० |
| २०२४ (सवलतीनंतर) | ८४ | ५४ | ३० |

फक्त एसटीच्या गावांकडं बघणारा म्हणेल, ६० चे ८४ झाले, योजनेनं २४ वाढवले. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेही लागेनासे झाले. त्या कारणानं गर्दी सगळीकडंच वाढली असणार. त्या २४ मध्ये मोफत उपचारही आहेत, खोकल्याची एखादी साथही आहे आणि अर्धं तिकीटही आहे, सगळं एकत्र.

फक्त २०२४ कडं बघणारा म्हणेल, एसटीच्या गावातून ८४ आणि बिनएसटीच्या गावातून ५४, म्हणजे परिणाम ३०. पण एसटी येते ती गावं मुळातच रस्त्याला लागून, मोठी आणि दवाखान्याला जवळची. सवलत नव्हती तेव्हाही तिथून २० जणी जास्तच येत होत्या.

आता दोन्ही एकत्र करू. एसटीच्या गावात वाढ २४. बिनएसटीच्या गावात अर्ध्या तिकिटाचा लाभ नसताना वाढ १४. ही १४ ची वाढ मोफत उपचार, साथ, जे काही सगळ्या तालुक्याला लागू होतं त्याची. ती वजा केली की उरतात १०. हाच फरकातला फरक. उलट्या बाजूनं काढला तरी तोच येतो: दोन गटांतलं अंतर आधी २० होतं, नंतर ३० झालं, वाढलं १० नं. गावागावांतला कायमचा फरक आणि सगळ्यांवर सारखाच आलेला काळाचा फरक, दोन्ही या वजाबाक्यांत गळून पडतात.

सगळा डोलारा कशावर उभा आहे

हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. त्यामागचं गृहीतक मात्र अवघड आहे: सवलत आलीच नसती, तर एसटीच्या गावातली वाढ बिनएसटीच्या गावाइतकीच, म्हणजे १४, झाली असती. याला समांतर कलाचं गृहीतक म्हणतात. दोन्ही गट सारखे असावेत अशी अट नाही, ४० आणि ६० चालतात. बदल सारखा असायला हवा.

हे गृहीतक कधीच सिद्ध करता येत नाही, कारण सवलत न आलेलं २०२४ कुणी पाहिलेलं नाही. संशय घेण्याची एक रीत आहे: मागं जायचं. योजना नव्हती त्या वर्षांत दोन गट बरोबरीनं चालत होते का? चालत असतील, तर पुढंही तसंच चाललं असतं हे म्हणणं निदान उघडं पडत नाही.

आणि इथं एक मोठा खड्डा आहे. समजा आपल्याला २०२३ चे केसपेपर मिळालेच नाहीत आणि २०२२ चे जानेवारी–फेब्रुवारी मिळाले. एका वर्षानं काय बिघडतं, असं वाटेल. पण ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला होता. त्या जानेवारीत आगारातल्या बहुतेक गाड्या उभ्या होत्या. संपाचा फटका कुठं बसला? नेमका एसटीच्या गावांना. बिनएसटीच्या गावाला एसटीचा संप काय आणि चालू काय, सारखंच.

आता जुनी वर्षं घालून तक्ता पुन्हा मांडू. २०२१ सोडून दिलं आहे, तेव्हा दवाखान्यांचं सगळं चित्रच कोविडनं बदललेलं होतं. २०२० चे जानेवारी–फेब्रुवारी मात्र टाळेबंदीच्या आधीचे आहेत.

| जानेवारी–फेब्रुवारी | एसटीची गावं | बिनएसटीची गावं | अंतर |
|---|---|---|---|
| २०२० | ५८ | ३९ | १९ |
| २०२२ (संप) | ३६ | ३४ | २ |
| २०२३ | ६० | ४० | २० |
| २०२४ | ८४ | ५४ | ३० |

२०२२ ला "आधी" धरलं, तर एसटीच्या गावात वाढ ४८, बिनएसटीच्या गावात २०, फरकातला फरक २८. म्हणजे परिणाम जवळजवळ तिप्पट. आकडेवारी खरी, वजाबाकी बिनचूक, उत्तर साफ चूक. त्या २८ पैकी १८ हे गाड्या पुन्हा सुरू झाल्याचे आहेत, अर्ध्या तिकिटाचे नाहीत. आणि ही चूक करणाऱ्याला ती कळतही नाही, कारण दोनच वर्षांचे चार आकडे हातात असले की त्यात संशय घ्यायला काही नसतंच. चार वर्षांचं अंतर ओळीनं लिहिलं की, १९, २, २०, ३०, डोळ्यांना लगेच टोचतं.

कामगारांच्या प्रशिक्षण योजनांच्या अभ्यासात अमेरिकेच्या ऑर्ली अॅशनफेल्टर यांना १९७८ मध्ये याच जातीची गोष्ट दिसली होती. प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई येण्याच्या आधल्या वर्षी घसरलेली असायची. घसरली म्हणूनच तर ते आले. पुढं ती थोडी सावरली की श्रेय प्रशिक्षणाला. आपल्याकडं दुष्काळ पडला म्हणून निवडलेल्या गावांत पुढल्या वर्षी विहिरींना पाणी आलं की योजना यशस्वी ठरते, तेही याच रांगेतलं. मला विचाराल तर "आधी" म्हणून कुठलं वर्ष घेतलं, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मे यशोगाथांचे अहवाल अडखळतील.

पुरुषांचा उपयोग

समजा कुणी शंका काढली की २०२३ मध्ये एसटीच्या काही गावांकडं जाणारे रस्ते सुधारले, म्हणून तिथून जास्त लोक येऊ लागले. हा बदल फक्त एका गटातला आहे, त्यामुळं वजाबाकीत गळणार नाही. १० मध्ये तो लपून बसेल.

इथं त्याच गावांतले पुरुष कामी येतात. रस्ता बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा नसतो, तिकीट मात्र असतं. १८ ते ६४ वयाच्या पुरुषांचे आकडे समजा असे आले: एसटीच्या गावात ५० चे ६०, बिनएसटीच्या गावात ३६ चे ४२. वाढ १० आणि ६, फरकातला फरक ४. पुरुषांना सवलत नाही, तरी तिथं ४ दिसतात, म्हणजे एसटीच्या गावांत सवलतीशिवायही काहीतरी घडलं आहे. ते ४ बायकांच्या १० मधून वजा करायचे, उरतात ६. याला तिहेरी फरक म्हणतात.

बिहारच्या सायकल योजनेचा अभ्यास याच वाटेनं झाला. २००६ पासून तिथं नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले, राज्यभर एकदम. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी मुलींचा बदल मुलांच्या बदलाशी ताडला आणि तो सगळा फरक शेजारच्या झारखंडमधल्या तशाच फरकाशी ताडला. मुलींची माध्यमिक शाळेतली वयानुरूप पटसंख्या ३२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं. त्याहून मला आवडते ती त्यांची पुढची तपासणी: ही वाढ मुख्यतः तिथं होती जिथं शाळा गावापासून लांब होती. सायकलीमुळंच वाढ झाली असेल, तर ती तिथंच दिसायला हवी. शाळा दारात असलेल्या गावातही तेवढीच वाढ दिसली असती, तर कारण दुसरंच काही आहे असं मानावं लागलं असतं.

मात्र पुरुषांना घेतलं म्हणून संपाचा खड्डा बुजत नाही. संपात पुरुष दुचाकी काढून गेले, बायका घरी राहिल्या, म्हणजे फटकाही बायकांना जास्त बसला. समजा २०२२ मध्ये एसटीच्या गावातले पुरुष ४० होते आणि बिनएसटीचे ३१. तर त्यांची वाढ २० आणि ११, फरक ९, आणि तिहेरी फरक २८ वजा ९, म्हणजे १९. खऱ्या ६ च्या तिप्पट अजून आहेच. वजाबाक्या वाढवून चुकीचं "आधी" बरोबर होत नाही.

मग सीमेपलीकडच्या बायका का नको?

बिहारला झारखंड, तसा आपल्याला बेळगाव जिल्हा जवळ आहे. गडहिंग्लजहून संकेश्वर हाकेच्या अंतरावर. तीच भाषा, तोच ऊस, तेच पाहुणे. महाराष्ट्राची सवलत हद्दीपर्यंतच. कागदावर बघितलं तर याहून चांगला तुलनेचा गट मिळणार नाही.

पण ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि तिथल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये प्रवास मोफत झाला. इकडं अर्धं, तिकडं फुकट, आणि मधे तीन महिनेही नाहीत. २०२४ च्या जानेवारीत संकेश्वरकडच्या गावांशी तुलना केली, तर फरकातला फरक कदाचित उणे येईल आणि कुणी मथळा देईल की अर्ध्या तिकिटानं बायकांचं येणं-जाणं घटलं. खरं तर तो आकडा अर्ध्या तिकिटाची आणि फुकट तिकिटाची तुलना असेल. उरतो तो मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ. त्यातही परीक्षा, सुट्टी, लग्नसराई, पेरणीची तयारी. तेवढ्यात बायकांच्या सवयी बदलल्या की नाही हे कळणं कठीण. मी हा मोह टाळेन.

मिळवायचं की गुणायचं

एक बारीक गोष्ट, जी बहुतेक अहवालांत कुणी उघड करत नाही. बिनएसटीच्या गावात ४० चे ५४ झाले. ही वाढ १४ ची आहे, आणि ३५ टक्क्यांचीही आहे. एसटीच्या गावात सवलतीशिवाय किती झाले असते? १४ मिळवले तर ७४. पण मोफत उपचारांमुळं गर्दी टक्क्यांनी वाढली असेल, तर ६० चे ३५ टक्क्यांनी ८१ होतात. प्रत्यक्षात झाले ८४. पहिल्या हिशेबानं परिणाम १०, दुसऱ्यानं फक्त ३.

कुठला खरा? मागच्या वर्षांवरून ठरवावं म्हटलं, तर २०२० ते २०२३ दोन्ही गट जवळपास जागीच होते. १९ आणि २० मधून दोन्ही गोष्टी सारख्याच पटतात. गट हलले असते तर मिळवणं जुळतंय की गुणणं, हे तरी दिसलं असतं. तेव्हा कारणाचा विचार करावा लागतो. मोफत झाल्यामुळं येणारे लोक हे आधीच येणाऱ्यांच्या प्रमाणात वाढतात असं वाटत असेल, तर टक्क्यांचा हिशेब धरावा. मी दोन्ही देईन आणि म्हणेन की वाढ झाली असं दिसतं, किती याबद्दल ३ ते १० इतकी ढील आहे. सुरुवातीला दोन्ही गट जितके जवळचे, तितकी ही ढील कमी. म्हणून ६० समोर ४० पेक्षा ६० समोर ५५ असलेली गावं शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

हजारो केसपेपर, पण गावं चोवीसच

दोन वर्षांचे केसपेपर मिळून काही हजार होतील. एवढी मोठी संख्या बघून संगणक "परिणाम नक्की आहे" असं छातीठोक सांगेल. त्याला हे माहीत नसतं की एका गावातल्या बायकांचं जाणं-येणं एकमेकींशी बांधलेलं आहे. सकाळची गाडी रद्द झाली, तर गावातली एकही येत नाही. जत्रा असली तरी तेच. सवलतीचा लाभ गावावरून ठरतो, तेव्हा खरी मोजणी चोवीस गावांची आहे.

२००४ मध्ये मारियान बर्ट्रांड, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी अमेरिकेतल्या बायकांच्या पगाराची आकडेवारी घेऊन मनानं खोटे कायदे "लागू" केले आणि नेहमीच्या पद्धतीनं फरकातला फरक काढला. अस्तित्वातच नसलेल्या कायद्याचा परिणाम शंभरात पाच वेळा दिसला तर चालतं. तो ४५ वेळांपर्यंत दिसला.

आपल्याला करता येण्यासारखी तपासणी सोपी आहे. चोवीस गावांच्या "एसटी" आणि "बिनएसटी" या पाट्या काढायच्या, आंधळेपणानं पुन्हा बारा-बारा वाटायच्या आणि हिशेब करायचा. पुन्हा वाटायच्या, पुन्हा करायचा, काही हजार वेळा. चोवीसातून बारा निवडायचे २७ लाखांहून जास्त प्रकार आहेत, तेव्हा पाट्या संपायची भीती नाही. अशा खोट्या वाटपांतही शंभरात वीस वेळा १० किंवा जास्त फरक येत असेल, तर आपल्या १० ला फार डोक्यावर घेऊ नये. शंभरात एखाद-दोन वेळाच येत असेल, तर तो नुसता योगायोग असणं अवघड.

फाट्यावरच्या बायका

शेवटची अडचण नकाशावर दिसते. बिनएसटीच्या वाडीतली बाई हातपाय गाळून बसत नाही. दोन किलोमीटर चालत फाट्यावर येते आणि तिथून अर्ध्या तिकिटात एसटी धरते. तालुक्यातला वडापवालाही गिऱ्हाईक टिकवायला भाडं उतरवतो, मग तोच दर वाडीलाही लागतो. म्हणजे ज्यांना लाभ नाही म्हणून आपण तुलनेला घेतलं, त्यांच्यापर्यंतही थोडा लाभ झिरपला. त्यांच्या १४ मध्ये अर्ध्या तिकिटाचेही दोन-चार असतील. आपण ते मोफत उपचारांचे समजून वजा केले, म्हणून आपला १० खऱ्यापेक्षा लहान आहे.

हे ओळखायला बिनएसटीच्या बारा गावांचे दोन भाग करायचे: फाटा तीन किलोमीटरच्या आत असलेली आणि त्याहून लांब असलेली. समजा जवळच्यांत वाढ १७ आणि लांबच्यांत ११ निघाली. मग लाभ झिरपतोय हे उघड आहे, आणि तुलनेला लांबची गावं घेतली तर फरकातला फरक २४ वजा ११, म्हणजे १३ होतो. मात्र लांबची गावं सहाच उरतात आणि ती डोंगरातली असल्यामुळं रस्त्यावरच्या गावांपेक्षा आणखी वेगळी असतात. झिरपणं कमी करावं तर समांतर कल डळमळतो. दोन्ही आकडे, कुठल्या गावांवरून काढले ते सांगून, शेजारी शेजारी छापावे लागतात.

आणि २०२४ च्या जुलैनंतरचे केसपेपर या हिशेबात घेताना जपून. तेव्हापासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये आले, ते फक्त बायकांना. पुरुषांना वजा करून काढलेला तिहेरी फरक तिथं गावागावांत पैसा सारखाच पोचला आणि सारखाच खर्च झाला, या नव्या भरवशावर येऊन टेकतो. एसटीच्या गावातली बाई त्यातले वीस रुपये तिकिटाला घालते आणि वाडीतली घालूच शकत नाही, असं असेल तर तो भरवसा गेला.